शिफ्टचा फोन

शिवलीलाला भीती वाटली की हसू यायचं. शाळेत, दवाखान्यात, एकदा तर मयताच्या घरीसुद्धा. आणि धैर्यशील सुपरवायझर शिव्या द्यायला लागला की हमखास.

शिरोलीच्या ज्या फाउंड्रीत ती ओतकामाच्या साच्यात बसवायचे वाळूचे गाभे बनवायची, तिथल्या कंत्राटी बायकांवर त्याचंच राज्य होतं. हजेरी तो मांडणार, शिफ्ट तो लावणार, आणि ती कुठं लिहून नाही. रविवारी संध्याकाळी एकेकीला फोन करून. त्याच्या घरची धुणीभांडी फुकटात करील तिला सकाळची शिफ्ट. नाही म्हणेल तिला दुपारची, वर दिवसभर राबूनही खाडा. पगार हजेरीवर, त्यामुळं सगळ्या गप्प. पण त्यानं तापानं फणफणलेल्या धोंडुबाईला आपला जिना पुसायला लावला, ती चक्कर येऊन पडली आणि तिचं मनगट मोडलं, तेव्हा बायका उठून युनियनच्या क्रांतीताईंकडं गेल्या.

"कारखान्यात फोन चोरून न्यायचा न्हाय," क्रांतीताई म्हणाल्या. "सापडला तर त्येच निमित्त करून काढतील. त्यो घरी फोन करतोय न्हवं? मग घरातच रेकॉर्ड करा. त्येचं तुमच्याशीच चाललेलं बोलणं हाय, ते घेतलं तर चोरी न्हाय. पण फोनातलं रेकॉर्डिंगचं बटण दाबू नका, 'रेकॉर्ड होत आहे' म्हणून त्येच बोंबलतंय. स्पीकरवर टाका आणि दुसऱ्या फोनात घ्या. त्याला डिवचायचं न्हाय, साधं विचारायचं. फाइल कापायची न्हाय, ग्रुपवर तर मुळीच टाकायची न्हाय. लगेच एक कॉपी माझ्याकडं आणायची."

"पर ऐकलं की त्यो आमचा आवाज वळखंल की वो," शिवलीला म्हणाली आणि भीतीनं फिसकन हसली.

"म्हणून एकटीनं करायचं न्हाय. सगळ्यांनी करायचं. समद्यांस्नी काढलं तर गाभं कोण त्याचा बाप बनवणार?"

सगळ्या राहायला मंगळवार पेठेतच; रविवारी त्या त्यांच्यातल्याच संयोगिताच्या घरी जमल्या. दार लावलं, चहा झाला, एक फोन रेकॉर्डिंगला लावून पाटावर ठेवला. पहिला फोन संयोगिताला आला. तिनं साधं विचारलं, त्यानं साधंच सांगितलं: भांडी घासायला आलीस तर सकाळची. बाकीच्यांनी तोंडात पदर कोंबले होते. दुसरा फोन, तिसरा फोन. प्रत्येकीला तोच दम, त्याच शिव्या. धोंडुबाईला तर म्हणाला, "हात मोडला तर पाय हाईत की. ये."

मग शिवलीलाचा फोन वाजला. तिनं तो स्पीकरवर टाकला, तेवढ्यात मागच्या गोठ्यात संयोगिताची म्हैस पुन्हा मोठ्यानं हंबरली.

"काय गं," पलीकडून आवाज आला, "मघाशी संयोगीच्या फोनातबी म्हसच वरडत हुती. धोंडुबाईच्याबी. एकाच जागी बसलाय काय समद्या?"

शिवलीलाच्या पोटातून हसू उसळून वर आलं, डोळ्यांत पाणी आलं. तिनं मांडीला करकचून चिमटा घेतला.

"साहेब," ती म्हणाली, "मंगळवार पेठ हाय. हितं म्हशी काय कमी हाईत व्हय?"

मग त्यालाही पटलं असावं. "उद्या येणार हाईस का न्हाय कपडे धुवायला?"

"न्हाय आले तर?"

"न्हाय आलीस तर आठवडाभर खाडा मांडतो. मग कंपनीत ये न्हायतर नगं येऊस. कोण इच्यारतंय तुला?"

"बरं, साहेब."

फोन बंद झाला. रेकॉर्डिंगही थांबवलं. आणि मग ज्या हसल्या बायका! धोंडुबाई प्लॅस्टरचा हात धरून भिंतीला टेकली, संयोगिता चहाच्या भांड्यावरच बसली. शिवलीलाला उठताच येईना. हसता हसता तिला जाणवलं, या वेळी भीती नव्हतीच.

त्याच संध्याकाळी फाइल जशीच्या तशी क्रांतीताईंकडं गेली. अर्जावर सगळ्यांच्या सह्या, धोंडुबाईचा डाव्या हाताचा अंगठा. कामगार अधिकाऱ्यांनी कंत्राटदाराला, धैर्यशीलला आणि कंपनीच्या मॅनेजरला समोर बसवून रेकॉर्डिंग ऐकवलं. "माणूस कंत्राटदाराचा," मॅनेजर पुटपुटला. "कंत्राटी कामगारांचा पगार बुडला तर जबाबदारी कंपनीचीपण येते," अधिकारी म्हणाले. धैर्यशील म्हणाला आवाज माझा नव्हे, आणि हेही तो त्याच आवाजात म्हणाला.

दोन-तीन तारखा पडल्या, पण चुकीचे खाडे भरून मिळाले, दवाखान्याचा खर्च कंत्राटदारानं सोसला आणि धैर्यशीलला तिथून हलवलं. आता शिफ्टचा तक्ता गेटवर लागतो, पाळीपाळीनं.

पहिल्या तक्त्यात शिवलीलाला नेमकी दुपारची शिफ्ट आली. संयोगिता काळजीनं तिच्याकडं बघायला लागली.

"आगं, माझी पाळीच हाय ती," शिवलीला म्हणाली, आणि हातमोजे चढवत आत गेली.