एका हाताचा अहवाल

दाक्षायणीबाईंची लाल शाई म्हटलं की मुलींच्या शाळेत भल्याभल्या पोरी वही द्यायच्या आधी दोनदा तपासायच्या. वीस वर्षं मराठी शिकवत होत्या. एकाच निबंधात वर 'आई' आणि खाली 'माता' असं लिहिलेलं त्यांना खपायचं नाही. त्यामुळे त्र्याहत्तरच्या मे महिन्यात रेवणप्पांनी दुष्काळ समितीचा अहवाल नीट करायला त्यांनाच बोलावलं, यात नवल ते काय!

रेवणप्पा म्हणजे चादरींचे व्यापारी, आणि समितीचे अध्यक्ष. त्यांच्या दुकानाच्या माडीवर समितीचं ऑफिस होतं. तिथं एक टाइपरायटर, एक सायक्लोस्टाइल मशीन आणि छतातून उतरणारा उकाडा. मुंबईच्या एका विश्वस्त मंडळानं चारा द्यायचं कबूल केलं होतं. त्यांचा नियम सोपा होता. लहान-मोठं सगळं धरून ज्या गावात पाचशेच्या वर जनावरं, त्या गावाला चारा छावणी. गावं कुठली ते समितीच्या अहवालावरून ठरणार होतं. मंडळाची माणसं मंगळवारी सोलापुरात येणार, बुधवारी विश्रामगृहावर बसून यादी करणार आणि संध्याकाळच्या गाडीनं परत जाणार.

अहवाल लिहिला होता चौघांनी, आणि चौघांची तोंडं चार दिशांना. एक निवृत्त मामलेदार, त्यांचं प्रत्येक वाक्य 'असे निदर्शनास आले आहे की'नं सुरू व्हायचं. कॉलेजात अर्थशास्त्र शिकवणारे सोमलिंग सर, त्यांच्या मराठीला धाप लागायची. गावोगाव फिरणाऱ्या गिरिजाबाई, त्यांनी पाण्याबद्दल लिहिता लिहिता मध्येच देवाला जाब विचारला होता. आणि चौथे जनावरांचे डॉक्टर मडिवाळप्पा, त्यांचं तर सगळंच 'मी'. मी गेलो, मी पाहिलं, मी मोजलं. मामलेदार 'गुरे' म्हणायचे, सर 'पशुधन एकके' म्हणायचे, डॉक्टर 'जनावरे' म्हणायचे. छावणीला कोणी 'तळ' म्हटलं होतं, कोणी 'कॅम्प'.

"मुंबईची माणसं शिकलेली," रेवणप्पांनी बजावलं होतं. "एका माणसानं एका बैठकीत लिहिल्यासारखं वाटलं पाहिजे बघा, बाई. हात एकच दिसला पाहिजे."

बाईंनी पदर खोचला. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर दोन रकाने पाडले. डाव्या बाजूला चौघांचे सगळे शब्द, उजव्या बाजूला त्यांतला ठेवायचा एक. तळ, कॅम्प, गुरांची छावणी या सगळ्यांची 'चारा छावणी' झाली. पाण्याच्या ठिकाणांच्या आड, बारव, उद्भव या नावांपुढे मात्र त्या थांबल्या. गिरिजाबाईंना बोलावून विचारलं, आणि आड वेगळा, बारव वेगळी हे कळल्यावर तिन्ही शब्द तसेच ठेवले. एवढी शहाणी बाई! गुरे, पशुधन एकके, जनावरे यांच्यापुढे मात्र त्यांनी बेधडक एकच शब्द लिहिला: जनावरे. त्यात विचारायचं काय? बैल तो बैल.

मग घोळ सुरू झाला. सरांच्या प्रकरणात बिरोबावाडीची जनावरं तीनशे सत्तर, आणि डॉक्टरांच्या प्रकरणात दोन हजार दोनशे साठ. बाकीच्या गावांत असा फरक चाळीस-पन्नासाचा होता, इथं एकदम एवढा. सरांच्या पानाखाली एक बारीक टीपही होती. नवा शब्द घालून ती वाचली तर 'एक जनावर म्हणजे एक मोठे जनावर किंवा दहा मेंढ्या-शेळ्या' अशी झाली. बाईंना हसू आलं. प्राध्यापक झाला म्हणून काय झालं, म्हणत त्यांनी टीप खोडली.

डॉक्टर मंगळवेढ्याकडं खेड्यांत होते, सर लग्नाला विजापूरला. विचारणार कोणाला? आणि स्टेन्सिल त्याच दिवशी कापायचं होतं. डॉक्टरांचा परिच्छेद असा होता: 'मी दोन दिवस बिरोबावाडीच्या मेंढरांच्या वाड्यांवर बसलो. केराबाईच्या कुडाच्या फटीतून एकेक मेंढरू बाहेर सोडून मी मोजलं.' बाईंनी त्याचं 'सदर गावी जनावरांची मोजणी करण्यात आली' असं केलं. आता हे वाक्य कोणाचंही असू शकत होतं. तालुक्याहून आलेला ऐकीव आकडा असावा असंच ते दिसत होतं. त्यापुढं सरांचा हिशेबी आकडाच खरा वाटला. सरांचं प्रकरण, डॉक्टरांचं प्रकरण आणि शेवटचा तक्ता, तिन्ही ठिकाणी त्यांनी तीनशे सत्तर घातले, बाकी गावांनाही सरांचेच आकडे लावले. मंगळवारी साठ प्रती निघाल्या. रेवणप्पा खूश. बाईसुद्धा खूश, खोटं कशाला सांगा.

बुधवारी अकराच्या सुमाराला मडिवाळप्पा एसटीनं आले. डोक्यावर धूळ, धोतराला काटे. पाणीसुद्धा न पिता त्यांनी प्रत उचलली आणि उभ्या उभ्याच आपलं प्रकरण काढलं.

"बाई, माझी मेंढरं कुठं गेली?"

बाईंनी समजावून सांगायला सुरुवात केली. दोन आकडे होते, त्यांतला नीट वाटला तो ठेवला. डॉक्टरांनी टेबलावरून पेन्सिल घेतली आणि अहवालाच्या पाठीवर लिहिलं. बैल-गाई एकशे साठ. मेंढ्या-शेळ्या एकवीसशे. मग खाली, दहा मेंढ्यांचं एक एकक, म्हणजे दोनशे दहा. अधिक एकशे साठ. तीनशे सत्तर.

"सर चाऱ्याचं वजन मोजत होते," ते म्हणाले. "मी डोकी मोजत होतो."

बाईंनी बेरीज पुन्हा करून पाहिली. दोघांचंही बरोबर होतं. दोघांनी दोन वेगळ्या गोष्टींना दोन वेगळी नावं दिली होती, आणि आपण लाल शाईनं त्यांचं एक करून ठेवलं. ती टीप! हसत हसत खोडलेली ती टीप सगळं सांगत होती. बाकी गावांत मेंढरं थोडी, म्हणून आकडे जवळजवळ राहिले आणि गावं पाचशेच्या वरच राहिली. बुडाली ती एकटी बिरोबावाडी, कारण तिथं मेंढराशिवाय आहेच काय?

नव्या स्टेन्सिलला वेळ नव्हता. बाईंनी एका कागदावर दुरुस्ती लिहिली आणि दोघं टांग्यात बसले. घोडं उन्हानं बेजार, उचललं पाऊल पुढं टाकत नव्हतं. सगळ्या वाटेवर बाई त्या टांगेवाल्याला आणखी जरा, आणखी जरा म्हणत राहिल्या. देवाला इतकं त्यांनी आयुष्यात कधी विनवलं नसेल.

विश्रामगृहाच्या व्हरांड्यात यादी टाइप होऊन सहीसुद्धा झाली होती. बारा गावं, आणि चाऱ्याचे ट्रक त्या बारांना वाटून झालेले. रेवणप्पा मंडळाच्या सचिवांना सरबत देत होते, बाईंना पाहून त्यांचा चेहरा पडला. सचिव म्हातारे होते, स्वभावानं सज्जन. त्यांनी कागद दोनदा वाचला, मग अहवाल उघडून पानं चाळली.

"बाई, मी हा रात्री बसून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलाय," ते म्हणाले. "बिरोबावाडीचा आकडा तीन ठिकाणी आहे आणि तिन्ही ठिकाणी एकच आहे. एका जागी जरी वेगळा असता तरी मी विचारलं असतं. विचारायला तुम्ही जागाच ठेवली नाहीत."

हे रागानं म्हटलं असतं तर बरं झालं असतं. बाई हात जोडून उभ्या राहिल्या. चूक माझी आहे, गावाची नाही, म्हणाल्या. माझं नाव घाला, मला काय हवं ते म्हणा, पण त्या गावाला यादीत घ्या. सचिवांनी मान हलवली. ट्रक मोजके होते. एक गाव आत घ्यायचं तर दुसरं बाहेर काढावं लागेल, आणि कुठलं काढू ते तुम्ही सांगा, म्हणाले. बाईंनी बारा नावं वाचली आणि यादी परत टेबलावर ठेवली. पुढची यादी पंधरा जूनला होती. तोवर कोणीतरी जाऊन डोकी पुन्हा मोजावीत आणि स्वतःच्या सहीनं कळवावं, एवढंच सचिव सुचवू शकले.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीनं बाई डॉक्टरांबरोबर निघाल्या. रेवणप्पा नको म्हणत होते, उन्हात मराल म्हणत होते. बाईंनी ऐकलं नाही. मंगळवेढ्याहून पुढं दोन कोस चालावं लागलं. वाटेवर बाभळींचा पालासुद्धा ओरबाडलेला होता.

केराबाई वाड्याच्या तोंडाशीच बसली होती. वाळलेली, काळी, कपाळावर भंडारा. डॉक्टरांना पाहून ती उठली.

"चारा आला व्हय?" तिनं विचारलं.

डॉक्टरांनी मान खाली घातली. यादीत गाव नाही, म्हणाले.

"आसं कसं? तुमी मोजल्याली की. दोन दिस हितं बसून मोजल्याली. एकशे अठरा माजीच हुती. ती कुटं गेली?"

डॉक्टर बाईंकडं बोट दाखवू शकले असते. त्यांनी ते दाखवलं नाही. बाईंनाच बोलावं लागलं.

"मी खोडली," त्या म्हणाल्या. "कागदावर मी खोडली, बाई. माझ्या हातानं."

केराबाईनं त्यांच्याकडं बघितलं. शिव्या दिल्या असत्या तर बाईंनी झेलल्या असत्या, त्या तयारीनंच त्या आल्या होत्या. पण केराबाईला ते नीट उमगलंच नसावं. कागदावर खोडल्यानं जितं मेंढरू कसं जाईल, हे तिला कोण समजावणार? तिनं नुसतं मागं वळून कुडाचा काटेरी झापा बाजूला केला आणि माणूसभर फट ठेवली.

"मंग परत मोजा," ती म्हणाली.

मेंढरं एकेक करून बाहेर येऊ लागली. काही धडपडत होती, काहींना केराबाई मागून ढकलत होती. बाई फटीपाशी उकिडव्या बसल्या आणि मोठ्यानं मोजू लागल्या. साठला एक मेंढी फटीतच बसली, ती उठेना. डॉक्टरांनी तिला उचलून बाहेर ठेवलं. बाईंनी तीही मोजणीत धरली. एकाहत्तरनंतर फट रिकामीच राहिली. बाई तरी थोडा वेळ तशाच बघत बसल्या, आणखी येतील म्हणून.

"येवडीच हायती आता," केराबाई म्हणाली.

बाईंनी पिशवीतून कागद काढला. लाल शाईचं पेन आत होतं, ते तसंच राहू देऊन डॉक्टरांचं निळं मागून घेतलं. गुडघ्यावर कागद धरून त्यांनी लिहिलं: 'मी बिरोबावाडीच्या वाड्यावर बसले. केराबाईच्या कुडाच्या फटीतून एकेक मेंढरू बाहेर सोडून मी मोजलं. एकाहत्तर. महिन्यापूर्वी डॉक्टर मडिवाळप्पांनी मोजली तेव्हा एकशे अठरा होती.' मग खाली आपलं पूर्ण नाव घातलं.

केराबाईला वाचता येत नव्हतं. काय लिहिलं ते तिनं विचारलं, आणि बाईंनी शब्द न शब्द वाचून दाखवला. ती 'बरं' म्हणाली आणि बसलेल्या मेंढीच्या तोंडाला पाणी लावायला गेली. अजून एकवीस वाडे मोजायचे होते. बाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि पुढच्या वाड्याकडं चालू लागल्या.