रबरावरचे तीन ठिपके

शरदिनीबाईंचा माणसांवर विश्वास नव्हता असं नाही. फक्त तो ठेवण्याआधी त्या माणसाला तपासून घेत, आणि तपासणं त्यांच्या लेखी कधी संपतच नसे. बत्तीस वर्षं शाळेत मुलींच्या वह्या तपासल्यावर दुसरं काय होणार? दूधवाल्याचं माप, धोब्याची गाठोडी, नवऱ्याने, दिनानाथांनी, चोरून खाल्लेले पेढे, सगळं त्यांच्या नजरेखालून जाई. त्यामुळे फ्रिजचं दार उलटं करायला ढुंढिराज मिस्त्री येणार म्हटल्यावर त्यांनी आधीच बंदोबस्त करून ठेवला.

दार उलटं करणं, म्हणजे त्याची बिजागरी दुसऱ्या कडेला नेणं, भागच होतं. स्वयंपाकघरात नवा ओटा झाला तो फ्रिजच्या उजव्या हाताला, आणि फ्रिजची बिजागरीही उजवीकडेच. दार उघडलं की ते ओटा आणि फ्रिज यांच्या मधोमध भिंतीसारखं उभं राही. पातेलं उचलायचं, दाराला वळसा घालायचा, मग ओट्यावर ठेवायचं. तोवर आतला गारवा निघून जाई, आणि शरदिनीबाईंना त्या गारव्याचीच काळजी होती. दिनानाथांचं इन्सुलिन त्या फ्रिजमध्ये असे. ब्रह्मा घाटावर मे महिन्यात वीज गेली की पाच-पाच तास येत नसे. तेवढा वेळ गारवा धरून ठेवायचा तो दाराच्या कडेच्या रबराने. गेल्या उन्हाळ्यात एक बाटली बिघडली होती आणि दिनानाथ चार दिवस दवाखान्यात पडून होते. ते चार दिवस बाई विसरल्या नव्हत्या.

त्यात समोरच्या अन्नपूर्णावहिनींनी भर घातली. गल्ली एवढी अरुंद की दोन्ही घरांच्या खिडक्यांतून वाटीची देवाणघेवाण होई; बातम्यांची तर होईच होई. हे मिस्त्री कंपनीचं चांगलं रबर काढून नेतात आणि डुप्लिकेट बसवतात, असं वहिनींनी सांगितलं. कोणाचं नेलं ते त्यांना सांगता आलं नाही, पण नेतात हे नक्की.

म्हणून सकाळी बाईंनी एक काम केलं. दिनानाथ पोथ्यांची फाटकी पानं चिकटवायला डिंक घोटून ठेवत. त्यात त्यांनी चिमूटभर कुंकू कालवलं, रबराच्या उजव्या खालच्या कोपऱ्यातली घडी बोटाने उघडली आणि आत तीन ठिपके दिले. डिंकामुळे पुसले जाणार नाहीत आणि घडीत असल्यामुळे दिसणार नाहीत. आपल्या हुशारीवर त्या मनातल्या मनात खूश झाल्या.

ढुंढिराज आला. तिशीचा, मराठी घरातला पण हिंदी मुलखात वाढलेला, कमी बोलणारा. कमी बोलणारी माणसं बाईंना आधीच संशयास्पद वाटत. त्याने प्लग काढला, फ्रिज रिकामा करायला सांगितलं. इन्सुलिनच्या बाटल्या बाईंनी फडक्यात गुंडाळून गार पाण्याच्या थर्मासमध्ये ठेवल्या आणि बसायचा वेताचा मोढा घेऊन समोरच बसल्या.

त्याने वरच्या बिजागरीचे स्क्रू काढले, दार खालच्या खिळीवरून अलगद उचललं आणि चटईवर पालथं घातलं. खालची बिजागरी काढून डावीकडे लावली. डावीकडची भोकं बुजवणारी प्लॅस्टिकची बटणं उजवीकडच्या रिकाम्या भोकांत बसवली. दार ओढायचा हत्ता दोन स्क्रूंवर होता, तोही दुसऱ्या कडेला गेला. इथवर बाईंना काही बोलायला जागा मिळाली नाही. मग त्याने दाराच्या आतल्या कडेचे सगळे स्क्रू ढिले केले, रबर सोडवून घेतलं आणि साबणाने धुऊन आणतो म्हणून खाली नळावर गेला. बाईंचे गुडघे जिना उतरू देत नसत. त्या वरच बसून राहिल्या, आणि तो वर यायला पंधरा मिनिटं लागली. रबर धुवायला पंधरा मिनिटं लागतात? बाईंनी मनात नोंद केली.

रबर बसलं, दार टांगलं गेलं. फ्रिजच्या पुढच्या पायांना त्याने थोडी उंची दिली, म्हणजे दार आपोआप मिटेल. वरची बिजागरी आवळण्याआधी तो दाराची कड सरळ आहे का ते पाहत होता. तेवढ्यात तो पान्हा आणायला पिशवीकडे वळला, आणि बाईंनी दार उघडून वाकून उजव्या खालच्या कोपऱ्यातली घडी उलगडली. आत काही नव्हतं. एकही ठिपका नव्हता.

त्यांचा संताप आणि समाधान दोन्ही एकदमच उसळलं.  त्या खिडकीशी गेल्या आणि अन्नपूर्णावहिनींना सांगितलं की तुम्ही म्हणत होतात तसंच झालं, रबर बदललं. वहिनींना तेवढं पुरलं. उद्या त्यांचाही फ्रिज हाच दुरुस्त करणार होता. त्यांनी तिथूनच, गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात ढुंढिराजला सांगितलं की उद्या यायची गरज नाही. खाली दोन डोकी वर बघायला लागली.

ढुंढिराजने पान्हा हातात धरूनच ऐकलं. त्याचा चेहरा उतरला. ही सगळी घरं त्याची गिऱ्हाइकं होती. इथून पाय तुटला तर त्याला दुसरं गाव शोधावं लागलं असतं. तरी त्याने बिजागरी आवळली. मग कागदाची एक चिठ्ठी दारात धरून दार मिटलं आणि चिठ्ठी ओढून पाहिली. असं तो चहूबाजूंनी करत गेला. सगळीकडे चिठ्ठी अडली, फक्त डाव्या वरच्या कोपऱ्यात सरकन बाहेर आली. बाई म्हणाल्या, डुप्लिकेट म्हटल्यावर दुसरं काय होणार.

त्याने गरम पाणी मागितलं. फडकं बुडवून कोपरा शेकला, रबर ओढून फुगवायचा प्रयत्न केला, पण तिथली घडी सुटेना. शेवटी नखाने उकलली, आत पाहिलं आणि बाईंना बोलावलं.

आत तीन लाल ठिपके होते. डिंक वाळून घडीच्या दोन्ही कडा एकमेकींना चिकटल्या होत्या.

"रबर बदललं नाही काकू, घुमवलं," तो म्हणाला. "इतकी वर्षं बिजागरीकडे दबलेली बाजू आता हत्त्याकडे आली असती, तर तिकडे फट राहिली असती. म्हणून गोल फिरवून लावलं. खालचा उजवा कोपरा वर डावीकडे गेला. ये कुंकू किसने लगाया, ते मला माहीत नाही."

त्याला माहीत होतं. न माहीत असल्यासारखं बोलला, ते बाईंना जास्त लागलं. चाळणीतून जगाला चाळणाऱ्या आपण, आणि फट आपणच पाडली, इन्सुलिनच्या फ्रिजला. त्यांना फार लाज वाटली. त्याने ओल्या फडक्याने ठिपके पुसले, घडी मोकळी केली, शेकून सारखी केली. चिठ्ठी अडली.

"मी लावलं," बाई म्हणाल्या. "माझी चूक झाली. थांब, सांगते मी त्यांना."

त्या खिडकीशी गेल्या आणि वहिनींना हाक मारली. रबर आमचंच आहे, कोणी बदललेलं नाही, माझीच समजूत चुकली, हे त्यांनी गल्लीला ऐकू जाईल असं स्वच्छ सांगितलं. वहिनींनी ऐकून घेतलं, बाईंच्या खांद्यावरून आत डोकावून पाहिलं आणि आवाज एकदम उतरवला.

"तो अजून घरातच आहे का?"

बाई हो म्हणाल्या. वहिनींनी समजूतदारपणे मान हलवली आणि खिडकी लोटून घेतली.

ढुंढिराजने ते ऐकलं असावं.  बाटल्या फ्रीजरच्या लगत ठेवू नका, मधल्या कप्प्यात ठेवा, एवढं सांगून त्याने पिशवी उचलली आणि जिना उतरला. बाई त्याला गल्लीच्या वळणापर्यंत पाहत उभ्या राहिल्या. तो दिसेनासा होताच समोरची खिडकी उघडली.

"हां, गेला," अन्नपूर्णावहिनी म्हणाल्या. "आता खरं काय ते सांगा."