पाणी न पिणारं भांडं

आमच्या घरचा माणूस मडक्याच्या बाबतीत मोठा शहाणा. जे मडकं पाणी पेते तेच पाणी गार ठेवते, हे माह्या नवऱ्याचं, केवळरामचं शास्तर. याच शास्तरानं मागच्या साली त्यानं संडासाचं भांडं आणलं. दुकानात भांड्याच्या बुडाले पाणी लावलं, सुर्रकन जिरलं, तं म्हणते कसा, "तारा, माल अस्सल हाय!"

कपाळ माहं! पावसाळा सरत नाई तं भांड्यावर केसावाणी भेगा. घासघासून हात गेले, पण वास काई हटेना. आमची रिंकू दिवाळीले आली न दुसऱ्याच दिवशी सासरी पळाली. आता तिले सातवा महिना. फोनवर म्हणे, "आई, ते भांडं हाय तवरिक मी बाळंतपणाले येत नाई." पहिलं बाळंतपण लेकीचं, न माहेर नाई? मले रडूच आलं.

रागारागात भांडं फोडलं. तुकडा पाह्यला तं वरून काचेवाणी चकचकीत न आतून खडूवाणी भुसभुशीत, ओलागच्च. भेगातून सारं आत मुरलं होतं. मी तो तुकडा केवळरामच्या नाकापुढं धरला. "घ्या, प्या गार पाणी! माठ आन् संडास एक असते काय जी?"

राजुऱ्याच्या दुकानात दोघंही गेलो. दुकानदार रोशन एका भांड्यावर हात फिरवून म्हणे, "बाई, चमक पाहा!"

"चमक वरची हाय भाऊ. उलटं करा."

बुडाशी चकाकी नसते, तिथं खरी माती उघडी दिसते. त्याच्याच शिक्क्याची शाई मागून थेंब टाकला, मी जराशी थांबली, मंग ओल्या फडक्यानं पुसलं. निळा डाग तसाच!

"पेते बरं का," केवळराम हळूच बोलला.

"गप बसा जी!"

दुसऱ्यावर थेंब टाकला, पुसला. साफ! मंग दोन्ही भांडे बोटानं वाजवले. पह्यलं थप्प बोललं, हे खण्णकन बोललं. जमिनीवर ठेवलं, डुगडुगलं नाई. आत हात घालून पाह्यलं, गळ्यापर्यंत गुळगुळीत, कुठी टोचलं नाई, कुठी चकाकी सुटली नाई.

रोशन हसला. "बाई, तुम्ही दुकानात बसा, मी घरी जातो."

"पह्यले हे गाडीत ठेवा," मी म्हणलं.

भांडं बसलं. आठवड्यानं रिंकू आली, बॅग अंगणातच ठेवून सरळ संडासात गेली. आमी दोघं बाहेर उभे. केवळराम तं देवाचं नावच घेऊन राह्यला होता.

दार उघडलं. पोरीनं आधी माह्याकडं पाह्यलं, मंग बापाकडं.

"बाबा, बॅग आत न्या. बारसं इथीच करू."