न वाचता सुटणारी पत्रिका

चिमणी खिडकीबाहेर बघत बाईंनी बनवलेली व्याकरणाची सरावपत्रिका सोडवत होती, आणि बाईंना याचंच कुतूहल होतं. शब्दांच्या जाती ओळखायच्या, पाच रंगांनी अधोरेखित करायच्या. पोरगी मान वळवून गप्पा मारते, तरी एक रेघ चुकत नाही!

बाई हंगामी होत्या. शेवटच्या तासाला मुख्याध्यापिका वर्ग बघायला येणार होत्या, आणि पुढच्या वर्षी बाई शाळेत राहणार की घरी बसणार, हे त्यावर ठरणार होतं. सबंध वर्गाला पैकीच्या पैकी गुण, म्हणून बाई हवेत होत्या. तरीही मधल्या सुट्टीत त्यांना राहवेना. त्यांनी चिमणीला बोलावून नव्या पत्रिकेतल्या एका वाक्यावर तळहात ठेवला.

"आता कर."

चिमणीने हाताखालच्या शब्दांचे रंग भराभर सांगितले. बाईंनी हात उचलला. ‘आम्ही जुनी गाणी मोठ्याने गातो.’ सगळं बरोबर.

"न वाचता?"

"वाचायचं कशाला, बाई? आधी सर्वनाम, मग विशेषण, मग नाम, मग क्रियाविशेषण, शेवटी क्रियापद. तुमची सगळी वाक्यं तश्शीच असतात. आम्हा सगळ्यांना ठाऊक आहे."

बाईंच्या पायाखालची वाळू सरकली. त्यांनी गठ्ठा चाळला. ‘ती गरम दूध हळूहळू पिते.’ पुढचंही तसंच, त्याच्या पुढचंही! एका साच्यातून विटा पाडाव्यात तशी वाक्यं पाडली होती त्यांनी. वाईट वाटलं आणि हसूही आलं.

झाकली मूठ सव्वा लाखाची. आजचा तास जुन्या पत्रिकांवर सहज निभला असता. पण वर्गाला खरंच काय येतं, हा भुंगा एकदा डोक्यात शिरला की बाई कुणाचं ऐकणाऱ्या नव्हत्या. त्यांनी फळ्यावर नवं वाक्य लिहिलं: ‘काल मोठा कुत्रा आम्हाला दिसला.’

मुख्याध्यापिका मागच्या बाकावर येऊन टेकल्या. वर्गाने एका सुरात ‘काल’ला सर्वनाम केलं आणि ‘आम्हाला’ क्रियाविशेषण.

"चूक," बाई म्हणाल्या.

चिमणी पहिल्यांदाच फळ्याकडे नीट बघू लागली. "काल म्हणजे कोणी माणूस नाही. काल हे... कधी दिसला, ते सांगतंय?"

"मग आम्हाला म्हणजे आपण!" दुसरी ओरडली. आणि जो गलका झाला! ज्याला त्याला स्वतःचं वाक्य फळ्यावर हवं होतं. घंटा झाली तरी कुणी उठेना.

वर्ग रिकामा झाल्यावर बाईंनी मुख्याध्यापिकांना सगळं सांगून टाकलं. साचा, तळहात, फुकटचे गुण.

मुख्याध्यापिकांनी चष्मा पुसला. "त्या पत्रिका मी सगळ्या वर्गांना वाटल्यात, माहीत आहे ना? कौतुक करून."

"हो."

"मग त्या परत गोळा करा. नव्या करायला पुढचं सगळं वर्ष जाईल तुमचं."

बाई मान हलवून निघाल्या, आणि दारापाशी एकदम थबकल्या.

"पुढचं वर्ष?"