पुसलेले आंबे

आंबा उतरवला की मी तो गवतात घालतो आणि पिकेल तसा बाहेर काढतो. दोन आंबे एकसारखे पिकत नाहीत. एखादा देठाशी पिवळा तर टोकाला हिरवा, एखाद्याच्या गालावर डाग. अंगावर धुरकट साय असते ती वेगळीच. गिऱ्हाइकाला हे पटत नाही. त्याला सगळे एका साच्यातले हवेत. माझ्या सुनेला गिऱ्हाईक म्हणेल ते हवं. त्यावरून आमची रोज जुंपते.

त्या दिवशी मुलींच्या वसतिगृहातल्या बाई येणार होत्या. आधीच्या दुकानदाराने कार्बाइडच्या पावडरीत पिकवलेला माल दिला आणि मुलींची तोंडं आली, म्हणून त्या नवा दुकानदार शोधत होत्या. हंगामभराचं गिऱ्हाईक होतं. ते मिळालं तरच दुकान नीट चालणार होतं.

मी पाणी भरून आलो तर सुनेने एकेक आंबा तेलाच्या फडक्याने पुसून लखलखीत केलेला. पिवळेधमक तेवढे वर, बाकीचे टेबलाखाली टोपलीत.

"अगं, हे काय करून ठेवलंस?"

"पाहुणे येणार म्हटल्यावर घर नाही का आवरत, बाबा?"

मी डोक्याला हात लावला. परत मांडायला वेळच नव्हता, बाई समोर उभ्या होत्या.

त्यांनी हातही लावला नाही. "सगळे एकाच रंगाचे, वर ही चमक. मागच्या खेपेला अगदी असेच होते," म्हणाल्या आणि वळल्या.

मी घाईघाईने एक आंबा कापून पुढे धरला. सालीपासून कोयीपर्यंत एकच केशरी रंग. पावडरीचा वरून पिवळा दिसतो, आत कोयीजवळ फिकट आणि कडक राहतो, हे त्यांनाही ठाऊक होतं. पण त्या म्हणाल्या, "हा तुम्ही निवडलात, आजोबा. माझ्या मुलींना काय तुम्ही निवडलेला एकच मिळणार आहे?"

हे ऐकून सून फणकारली. पायाने टोपली बाहेर ओढत म्हणाली, "मग हे घ्या, सासऱ्यांचे लाडके. मी लाजेने लपवलेत."

बाई खाली बसल्या. डागांचा एक आंबा उचलला, देठ हुंगला. मग टोकाला हिरवा असलेला एक काढला. दोन्ही स्वतः कापले. आत कोयीपर्यंत सारखेच पिकलेले.

"असेच पाठवत जा," त्या सुनेला म्हणाल्या, "आणि कृपा करून पुसू नका."

त्या गेल्यावर मी सगळी टोपली वर मांडली. आता तरी हिला समजलं असेल, असं मनात आलं. तेवढ्यात पिशवी घेऊन एक गृहस्थ आले, आंब्यांवरून नजर फिरवली आणि विचारलं, "हे असे डागाळलेलेच आहेत का? जरा चांगले, पिवळे नाहीत?"

सुनेने माझ्याकडे बघितलं आणि फडकं उचललं.