पिवळा चीक

आई गेली त्याला पाच आठवडे झाले होते, आणि या पाच आठवड्यांत लेकीने कोरफडीची एकही पाळी चुकवली नव्हती. सोमवार आणि गुरुवार. शेजाऱ्यांना वाटलं, पोरगी धीराची, सावरली. ती सावरली नव्हती. तिला काही वाटतच नव्हतं. दात काढण्याआधी डॉक्टर सुई देतात आणि गाल आपला राहत नाही, तसं तिचं सगळं अंग झालं होतं. अशा वेळी हातांना काम असलेलं बरं असतं, आणि हे काम हातांना पाठ होतं.

घर बेकरीच्या डोक्यावर होतं. दोन खोल्या, एक मोरी आणि मागे गच्ची. गच्चीत पत्र्याच्या डब्यांतून अकरा कोरफडी. खाली भट्टीवर राबणाऱ्यांचे हात रोज कुठे ना कुठे चटकायचे. कधी ट्रेच्या कडेने, कधी भट्टीच्या दाराने, कधी नुसत्या वाफेने. तेवीस वर्षं आई त्यांना ताजा गर काढून देत होती. बरणी जिन्याच्या पाचव्या पायरीवर ठेवायची, रिकामी झाली की तिथेच परत यायची. पैसे कुणी विचारले नाहीत, तिने सांगितले नाहीत. अधूनमधून पाचव्या पायरीवर गरम पाव असायचा, इतकंच.

लेक सकाळी सातला गच्चीत जायची. बाहेरची, जुनी, जाड पानं बुडापासून कापायची. कापलं की पानाच्या सालीखालून पिवळा चीक सुटतो. तो कडूजहर असतो आणि गरात राहिला तर अंगाला खाज सुटते, म्हणून पानं कापलेली बाजू खाली करून अर्धा तास उभी ठेवायची, सगळं निथळू द्यायचं. मग धुवायची, काटेरी कडा तासायच्या, वरची साल सुरीने सरळ उतरवायची आणि आतला काचेसारखा गर पुन्हा पाण्याखाली धरायचा. कुठे पिवळी रेघ दिसली तर तेवढा भाग कापून टाकायचा. "गर हवा, हळद नको," आई म्हणायची. गर घोटून, गाळून, उकळलेल्या बरणीत, बरणी फ्रीजमध्ये. चार-पाच दिवसांवर ठेवायचा नाही. गुलाबी पडला की झाडालाच घालायचा.

एकच गोष्ट लेक वेगळी करत होती. आई पानं मोरीत जुन्या टोपल्यात उभी करायची, चीक सरळ नाल्यात जायचा. लेक ती बाबांच्या उंच काचेच्या ग्लासात उभी करायची, कारण त्यात ती पडत नव्हती. तळाशी बोटभर चीक साठायचा. आपल्याला तो ओतून दिल्याचं आठवत नाही, हे तिच्या लक्षात आलं नव्हतं. अलीकडे साल उतरवून होईस्तोवर ग्लास धुवून पालथा घातलेला असायचा. बाबा मदत करतात, एवढंच तिने मनात म्हटलं असेल. तेही म्हटलं होतं की नाही, देव जाणे.

त्या गुरुवारी ती गच्चीत जायच्या आधीच जिन्यात धडधडत पावलं वाजली.

"ताई! ताई, बरणी रिकामी आहे!"

भट्टीचा मिस्त्री होता. पन्नाशीचा, पोटाचा घेर भट्टीसारखाच. डाव्या मनगटाच्या वर चार बोटं लांब लाल पट्टा उठला होता.

"आधी नळाखाली धरा," लेक म्हणाली.

"धरला की दोन मिनिटं."

"दोन नाही, वीस. आई काय सांगायची?"

"काकू घड्याळ लावून उभं करायच्या," मिस्त्री मोरीत हात धरून कण्हला. "एकदा म्हटलं, काकू, बर्फ लावतो. तर म्हणाल्या, मासा आहेस का तू?"

लेकीने हात वळवून पाहिला. फोड नव्हता, कातडी फाटली नव्हती, बोट जवळ नेलं की तो ओय करत होता. दुखतंय म्हणजे बरं आहे. भाजल्याजागी दुखत नसेल, पांढरं पडलं असेल किंवा फोड फुटला असेल, तर गर लावत बसायचं नाही, दवाखाना गाठायचा. आईने हे बेकरीतल्या प्रत्येकाकडून पाठ करून घेतलं होतं.

तिने नवी पानं कापली, ग्लासात उभी केली. पाणी वाहत राहिलं. मिस्त्रीला गप्प बसवेना.

"एवढं पिवळं निघतं ना... काकू बरोबर फेकायच्या. बाबा परवा मला विचारत होते, हे पोटाला चालतं ना रे? मी म्हटलं, चालतं की, घोड्याला देतात. बाबा, तुम्ही कुठले घोडे!" तो स्वतःच्याच विनोदावर हसला. "हसले नाहीत ते. तब्येत बरी आहे ना त्यांची? जिन्यात बसले होते, पोटऱ्या दाबत."

लेक ग्लासाकडे पाहत होती. पानांच्या बुडाखाली पिवळा थेंब जमत होता, ओघळत होता. सोमवारचा ग्लास. त्याआधीचा गुरुवार. त्याआधीचा सोमवार. सगळे धुतलेले, पालथे. बाबांनी आयुष्यात चहाचा कप धुतला नव्हता.

तिला भीती वाटायला हवी होती. वाटली नाही. फक्त पाय चालू लागले.

बाबा खोलीत पलंगाच्या कडेला बसले होते, एक हात पोटावर. चेहरा पिठासारखा.

"बाबा, काय घेताय तुम्ही?"

"कुठे काय?"

"पिवळं. ग्लासातलं."

त्यांची मान दाढीच्या सामानाच्या खणाकडे वळली. खणात खोकल्याच्या औषधाची जुनी बाटली होती, तळाशी काळपट, चिकट. बूच उघडताच कडू वास नाकात चढला.

"किती दिवस?"

"दोन आठवडे असतील. अर्धा चमचा, साखर घालून. आधी गुण आला चांगला. मग..." त्यांनी हात हलवला. "मग थांबेचना. आणि पाय वळतात गं. छातीत पण काहीतरी फडफडतं."

लेकीने मनगट धरलं. नाडी दोन ठोके देत होती, थांबत होती, घाईने तीन देत होती. बाबा हृदयाची एक गोळी घेत होते आणि पाणी कमी करायची दुसरी. त्या डब्या आईच भरायची. आता लेक भरत होती, वारांप्रमाणे, बिनचूक.

"मिस्त्री," तिने हाक मारली, "हात राहू द्या. गाडी बघा."

"हात गेला खड्ड्यात," मिस्त्री ओल्या हातानेच जिना उतरला.

दवाखान्यात तिने गोळ्यांच्या पट्ट्या आणि ती बाटली दोन्ही टेबलावर ठेवल्या. डॉक्टर बाईंनी बाटली हुंगली आणि नाक मुरडलं.

"कोरफडीचा चीक? पिण्यासाठी?"

"गर नाही. चीक. ग्लास मी ठेवला होता."

"कुणी ठेवला ते नंतर." त्यांनी नर्सला रक्त घ्यायला सांगितलं, छातीला तारा लावायला सांगितलं. "हा जबरदस्त जुलाब आहे. अंगातलं पोटॅशियम वाहून जातं. पाण्याची गोळी तेच करते. आणि पोटॅशियम उतरलं की ही हृदयाची गोळी अंगावर उलटते. अजून तीन-चार दिवस घेतलं असतं तर मी काही सांगू शकले नसते."

लेकीने मान हलवली. वाक्य तिच्यापर्यंत आलं, दाराशी उभं राहिलं, आत आलं नाही. अजून तीन-चार दिवस, म्हणजे सोमवार. सोमवारी तिने पानं कापली असती, ग्लासात उभी केली असती.

बाबांना सलाइन लावलं. पडद्यावर हिरवी रेघ वाकडीतिकडी धावत होती. लेक स्टुलावर बसली. पंखा, औषधांचा वास, कुणाच्या तरी चपला. पाच आठवड्यांपूर्वी असंच एक स्टूल होतं. तेव्हाही ती रेघच बघत होती.

दुपारी बाबांनी डोळे उघडले.

"रागावलीस?"

"नाही."

"रागाव की. तुझी आई असती तर छप्पर उडालं असतं."

"आई असती तर तुम्ही प्यायला नसतात."

बाबांनी नजर छताकडे नेली.

"सहा दिवस पोट साफ होत नव्हतं गं. सहा दिवस! तुला कसं सांगणार? मुलीला का असलं सांगतात? तिला मी चाळीस वर्षं सांगितलं. सकाळी उठून पहिली बातमी. ती चहा गाळता गाळता ऐकायची, मग म्हणायची, केळं खा, चालून ये, गरम पाणी पी. झालं. आता सकाळी उठतो आणि..." ते थांबले. "सांगायला कुणी नाही."

लेक हसली नाही आणि रडलीही नाही. तिने त्यांच्या पायावरची चादर सारखी केली. पोटरी अजून दगडासारखी होती. तिने ती दाबायला घेतली, खालून वर, हळूहळू.

संध्याकाळी मिस्त्री आला. हाताला दवाखान्यातलीच मलमपट्टी. "घोड्याचं मीच बोललो ताई," तो दाराशीच पुटपुटला. "जीभ हासडून टाकावीशी वाटते."

"तुम्ही बोललात म्हणून कळलं," लेक म्हणाली.

"हा कसला घोडा," बाबा बारीक आवाजात म्हणाले, "दोन पावलं चालवत नाहीत." मिस्त्री एकदम रडायला लागला. मोठा माणूस, हमसून हमसून. बाबांनीच त्याची समजूत काढली.

तिसऱ्या दिवशी रेघ सरळ चालू लागली. डॉक्टरांनी घरी सोडलं. चीक बंद, कुठलंही झाडपाल्याचं पोटात घ्यायचं तर आधी विचारायचं, आठ दिवसांनी रक्त तपासायचं. पोटासाठी त्यांनी साधं पाण्यात मिसळायचं चूर्ण लिहून दिलं.

सोमवारी सातला लेक गच्चीत गेली. पानं कापली, मोरीत टोपल्यात उभी केली आणि चीक नाल्यात जाईपर्यंत नळ सोडून तिथेच उभी राहिली. बाबा उठल्याचा आवाज आला. खोकला, चपला, मोरीच्या बाजूच्या संडासाचं दार. मग दार उघडलं आणि बाबा स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी येऊन थांबले, कुठे उभं राहावं ते न कळल्यासारखे.

लेकीचे हात चिकट होते. तिने मागे वळून पाहिलं नाही. वळली असती तर दोघांनाही अवघड झालं असतं.

"झालं का साफ?" तिने विचारलं.

बाबा उंबरा ओलांडून आत आले.

"तसं म्हणशील तर," त्यांनी सुरुवात केली आणि खुर्ची ओढली, "कालच्यापेक्षा बरं. पण पूर्ण नाही. म्हणजे कसं, आधी वाटलं होणारच नाही, मग पाणी प्यायलो..."

लेक पानाची साल उतरवत ऐकत राहिली. बातमी लांबलचक होती.