तासभर स्वरदा

पालमहून सकाळच्या एसटीनं निघताना मी मोठी पिशवी रिकामीच घेतली होती. परतताना तीत स्वरदाचे फ्रॉक, दुपटी, दुधाची बाटली भरायची असं माझं ठरलेलं होतं. आमच्या मालकांनी, म्हणजे आश्रुबांनी, आदल्या दिवशीच माळवदाच्या खालच्या तुळईला झोका बांधला होता. दोर तीनदा ओढून बघितला, वर उशी टाकली, अन् स्वतः त्याच्याकडे बघत बसले. सत्तरीच्या माणसाचं असलं पोरपण बघून मला राग यायला पाहिजे होता, पण आला नाही.

स्वरदा माझी नात. प्रियांकाची पोर. प्रियांका परभणीत लहान मुलांच्या शाळेत शिकवायची. मागच्या पावसाळ्यात साधा ताप म्हणून दवाखान्यात गेली, आणि घरी आणली ती पांढऱ्या कपड्यात. पोर तेव्हा जेमतेम चालायला लागली होती. अंगणात आईला ठेवलेलं, पोर तिच्याकडे धावायला बघायची, तेव्हा शेजारच्या नर्मदाबाईनं तिला उचलून सांगितलं, "आई निजलीय, गलका करू नको." ती बाई चांगल्या मनाची, सांगायला दुसरं काही सुचलं नसेल. मलाही सुचलं नव्हतं. पण मुलांच्या डोक्यात एखादी गोष्ट बसली की ती खिळ्यासारखी बसते.

जावई आदिनाथ पुण्याच्या कंपनीचं काम परभणीच्या घरातूनच करतो. लॅपटॉपसमोर बसायचं आणि कुठल्या कुठल्या लोकांशी बोलायचं. पोरीला सांभाळायला शेजारची निकिता यायची, ती बाळंतपणाला माहेरी गेली. तेव्हापासून दोन वेळा साहेब बोलत असताना स्वरदानं असा भोंगा लावला की सगळी मीटिंग बंद पडली. साहेबांनी बजावलं की आता पुन्हा झालं तर पुण्याला येऊन ऑफिसात बसायचं. दोन वर्षांचं लेकरू घेऊन पुण्यात एकटा गडी काय करणार? मी फोनवरच सांगून टाकलं, "आदिनाथराव, पोरगी माझ्याकडं द्या. तुमी तुमची नोकरी सांभाळा."

तो म्हणाला, "मामी, गुरुवारी तासाची मीटिंग हाय. तुमी या. तेवढा तास तिला सांभाळून काम केलं तर स्वरदा इथंच राहील. न्हाई जमलं तर तुमी घेऊन जा, मी आडवा येणार न्हाई."

"मधी मी तिला हात लावणार न्हाई बरं का," मी म्हणाले.

"लावू नका."

म्हणून मी आले होते, आणि खरं सांगते, जावयाची फजिती बघायलाच आले होते. माझी लेक गेली, आता तिचं जे काही उरलं ते माझ्या पदरात यावं, एवढंच मला पाहिजे होतं.

घरात पाय टाकला तर पोर किरकिर करत होती. रात्री झोप झाली नव्हती, दाढा येत होत्या. मनात म्हटलं, झालं, देवच माझ्या बाजूनं उभा आहे. आदिनाथ काम सोडून जमिनीवर ओणवा झालेला, पोर त्याच्या पाठीवर. घोडा घोडा चाललेलं. आधी तिला खिचडी भरवली, लंगोट बदलला, मग मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवून हा पठ्ठ्या तिच्याशी नुसता खेळत बसला.

"अहो, मीटिंग डोक्यावर आली अन् तुमी खेळायलाव?"

"पोट भरलं अन् मन भरलं की मग ती मला सोडते, मामी. तसंच काम करायला बसलो तर पायाला चिकटून बसते. प्रियांका असंच करायची."

लेकीचं नाव निघालं तसा मी विषय बदलला.

"मोबाईल द्या की लावून. आमच्या शेजारचं पोरगं दिवसभर बघतंय."

"देता येतो. पण काढून घेतला की दुप्पट रडते. अन् मीटिंगमधी तो मधीच बंद पडला तर?"

कपाटात त्यानं एक गाठोडं ठेवलं होतं. त्यातली खेळणी एरवी पोरीला दिसत नसत, म्हणून रोज नवीच वाटत. तीही एकदम काढायची नाहीत. एक संपलं की दुसरं. टेबल असं ठेवलेलं की मान वळवली की पोर दिसावी. मी दाराशी पाटावर बसले, हाताची घडी घातली आणि पदर आवळून घेतला.

मीटिंग सुरू झाली. आदिनाथ कानाला ते यंत्र लावून इंग्रजीत बोलायला लागला. पोरीसमोर परात, परातीत बोटभर पाणी, दोन पेले, एक चहाची गाळणी. एवढंच. मी मनात म्हटलं, यानं किती वेळ निघणार? पण पोर पाणी एका पेल्यातून दुसऱ्यात ओतायला लागली ती लागलीच. गाळणीतून पाणी गळालं की खुदकन हसायची. फ्रॉक ओला झाला, फरशी ओली झाली, पण आदिनाथानं कपाळाला आठी पाडली नाही. खाली जुनी चादर आधीच अंथरलेली होती.

पाण्याला कंटाळली तसा त्यानं बोलता बोलताच पायानं परात मागे ओढली आणि कपडे वाळवायच्या चिमट्यांची टोपली पुढे सरकवली. पोर चिमटे टोपलीच्या काठाला लावायची, काढायची, पुन्हा लावायची. एक चिमटा माझ्या पदराला लावून गेली. मी हलले नाही. ते झालं तर फरशीला चिकटपट्टीचे तुकडे लावून ठेवलेले, ते नखानं उकलत बसली. एवढीशी बोटं, एवढंसं नाक, आणि जीभ बाहेर काढून काम. प्रियांका पाटीवर मुळाक्षरं गिरवायची तेव्हा अशीच जीभ बाहेर काढायची.

वेळ चालला होता आणि माझी पिशवी रिकामी ती रिकामीच. हा गडी जिंकतोय की!

शेवटी त्यानं कणकेचा गोळा दिला. पोरीनं तो थोडा चेपला, थोडा खाल्ला, मग फेकला. डोळे चोळायला लागली. मला कळलं, झोप आली. आणि झोप आलेल्या लेकराला कुठलंच गाठोडं पुरत नाही. तिचा ओठ बाहेर आला. "बाबा," म्हणाली. मग जरा मोठ्यानं, "बाऽबा!"

आदिनाथ बोलायचा थांबला नाही, पण त्याची मान ताठ झाली. त्यानं एक हात खाली सोडला, पोरीच्या डोक्यावरून फिरवला. त्यानं तर ती जास्तच बिघडली. कानातल्या यंत्रातून साहेबांचा चढलेला आवाज मलाही पुसट ऐकू आला. आदिनाथानं माझ्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर बरं झालं असतं, मला त्याचा राग तरी आला असता.

मला काही करायचं नव्हतं. नुसतं बसून राहायचं होतं. पोर आता रडणार, मीटिंग मोडणार, संध्याकाळच्या एसटीत ती माझ्या मांडीवर असणार, आणि घरी झोका बांधलेला. आयुष्यात कधी काही इतकं फुकट मिळालं नव्हतं.

पोर माझ्याकडे आली आणि कणीक लागलेल्या हातांनी माझा गुडघा ढकलायला लागली.

मी उठले. का उठले ते मला आजही नीट सांगता येत नाही. कणकेचा गोळा उचलला, तिला जवळ घेऊन खाली बसले आणि तिच्या कानाशी अगदी हळू बोलले, "शूऽऽ." आश्रुबा रात्रभर पिकाला पाणी देऊन दुपारी झोपायचे, तेव्हा प्रियांकाला मी असंच गप्प करायची. लेकराच्या कानात कुजबुजलं की ते रडायचं विसरतं, ऐकायला लागतं. मोठ्यानं बोललं की तेही मोठ्यानं रडतं. प्रियांकाही वर्गातल्या पोरांना असंच गप्प करायची, पण हे ती कुठल्या शाळेत शिकली नव्हती, माझ्याच मांडीवर शिकली होती.

मी कणकेची बाहुली केली. डोकं, पोट, दोन हात. रुमालात गुंडाळून पोरीच्या मांडीवर ठेवली आणि कुजबुजले, "बाहुली निजली. हळू बरं."

स्वरदानं बाहुलीकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग तिनंही तोंड माझ्या कानाला लावलं. तिचा श्वास गरम होता.

"आई निजली?"

हो म्हणावं तर खोटं, नाही म्हणावं तर खरं कसं सांगायचं, आणि तेही कुजबुजत? पोरीनं आपलं उत्तर आपणच घेतलं. ती बाहुलीला थोपटायला लागली. रुमाल सारखा करायची, थोपटायची, वाकून बघायची, आणि हळूच म्हणायची, "आई, उठ ना." उठली नाही की पुन्हा थोपटायची. ना चिडली, ना रडली. तिला वाटत होतं, निजलेलं माणूस कधीतरी उठतंच.

मी पदराचा बोळा तोंडात घातला. आवाज करायची सोय नव्हती, पलीकडे साहेब बोलत होते. लेक गेल्यावर मी गावभर ऐकू जाईल असं रडले होते. पण ते रडणं काहीच नव्हतं. या रडण्याला आवाजच नव्हता, आणि मांडीवर लेकरू सुखानं खेळत होतं. मीटिंग संपेपर्यंत ती तशीच खेळली.

आदिनाथानं लॅपटॉप मिटला आणि खाली आमच्याजवळ बसला. "साहेब म्हणाले, घरूनच करा," तो म्हणाला. "मामी, शेवटचा वेळ तुमी निभवला. म्हणजे मी हरलो. पैज म्हणजे पैज. बोला, पोरगी न्यायची का?"

माझ्या पिशवीकडे माझं लक्ष गेलं. मी म्हणाले, "गुमान बसा. तिला अजून निजल्या-मेल्यातला फरक कळंना, अन् तुमी मला विचारायलाव? आई उठंना, त्यात बापबी दिसंना झाला तर काय करंल ती? बापाजवळच राहू द्या. पण एक करा. तिला सांगा. हळूहळू सांगा, पण खरं सांगा. आई निजलेली न्हाई."

त्यानं मान हलवली.

निघताना मी चोरपावलांनी दाराकडे गेले, पोर बाहुलीत गुंतली होती म्हणून. आदिनाथानं अडवलं. "सांगून जा, मामी. न सांगता गेलं की ती दिवसभर दाराकडं बघत बसते."

मी परत आले, वाकले आणि म्हणाले, "स्वरदा, येते हं मी."

तिनं कणीक लागलेलं बोट ओठावर ठेवलं. "शूऽऽ. हळू. आई निजली."

स्टँडवर एसटीत बसले तेव्हा आश्रुबांचा फोन आला. त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून ते ओरडून बोलतात. "आणायलीस का? झोक्याला घुंगरू बांधू का?"

"न्हाई," मी म्हणाले.

"ऐकू येईना! मोठ्यानं बोल की!"

रिकामी पिशवी मांडीवर धरून मी पुन्हा म्हणाले, "न्हाई." पण मोठ्यानं काही बोलता येईना.